भाऊ की माऊ?

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी मला एक वेगळं काम मिळालं. एरवी मी साबण, विमा, मुलांचे डबे असल्या विषयांवर मजकूर लिहिते. या वेळी २४ पानांचं मुलांचं कॉमिक इंग्रजीतून मराठीत आणायचं होतं. चित्रं तयार, फुगे तयार, मी फक्त फुग्यांतलं बोलणं मराठीत लिहायचं. मला वाटलं, दोन संध्याकाळचं काम आहे.

गोष्ट साधी होती. पूजेसाठी केलेले लाडू डब्यातून कमी होत असतात. घरातल्या दोन बहिणींचा संशय मांजरीवर. रात्री त्या स्वयंपाकघराच्या दाराआड लपून पहारा देतात. पान १९ वर दिवा लागतो आणि डब्यात हात घातलेला त्यांचा मोठा भाऊ दिसतो. धाकटी जोरात ओरडते. ओट्यावर मांजर शांत बसलेली असते. इंग्रजीत त्या फुग्यात ‘दादा’ असं होतं. आमच्या इंदूरच्या घरात मोठ्या भावाला भाऊच म्हणतात, म्हणून मी लिहिलं, ‘भाऊऽऽ!’

पानं जुळवून आली तशी मी ती बंगळुरूला ताईकडे पाठवली. माझी भाची सात वर्षांची आहे. शाळेत कन्नड आणि इंग्रजी, मैत्रिणींशी इंग्रजी, मराठी फक्त आजीशी, म्हणजे माझ्या आईशी. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आई तिच्याकडून एक पान मराठी वाचून घेते. खरं तर घ्यायची, कारण त्या सुमारास भाचीने कंटाळून ‘मला इंग्लिशच बरं’ असं सांगून टाकलं होतं. कॉमिक पाहून मात्र ती परत बसली. मी आईच्या मागे उभी राहून ऐकत होते.

पान ७ वर ती थांबली. ‘आजी, ही आई हळू का ओरडतेय?’

पान १७ वर पुन्हा थांबली. ‘हात घर म्हणजे काय?’

आणि पान १९ वर तिने विजयी स्वरात वाचलं, ‘माऊऽऽ! बघ, मी म्हटलं होतं ना, मांजरच चोर आहे!’

गोष्ट संपली होती आणि तिला चोर चुकीचा मिळाला होता. त्यात तिची काहीच चूक नव्हती. तिने कागदावर जे दिसलं ते वाचलं. आई हसली, मला हसू येईना. पुस्तक चार दिवसांनी छापायला जाणार होतं.

आमच्या ओळखीत एक काका आहेत. तरुणपणी ते मुंबईत चित्रकथांची अक्षरं हाताने काढायचे. आता मुलीकडे इंदूरला राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी छापील पानं घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, ‘हे बसवलं कुणी?’

बसवलं होतं एका डिझायनरने, ज्याला देवनागरी वाचता येते पण मराठी येत नाही. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच काही माहीत नव्हतं. तीन वर्षं बीएला इंग्रजी वाङ्मय शिकले, पण इंग्रजी कॉमिकमध्ये ‘मी’ या अर्थाचा आय वरखाली आडव्या काड्या देऊन काढतात आणि शब्दाच्या आतला आय नुसती उभी रेघ असतो, हे मला त्या दिवशी काकांकडून कळलं.

काकांनी पान ७ पासून सुरुवात केली. तिथे आई मुलींना सुनावते आहे. माझं वाक्य होतं, ‘पूजेच्या आधी लाडवांना कुणीही हात लावायचा नाही असं मी सांगितलं होतं ना!’ मराठी म्हणून बरोबर. पण फुगा होता ४० मिलिमीटर रुंद आणि २२ मिलिमीटर उंच.

‘फुगा लंबगोल आहे,’ काका म्हणाले. ‘त्यात मजकुराची चौकट बसवायची तर रुंदीचे आणि उंचीचे साधारण सत्तर टक्केच हाती येतात. कोपरे वाया जातात.’ म्हणजे आम्हाला मिळाले २८ बाय साडेपंधरा मिलिमीटर. इंग्रजीत त्या जागेत चार ओळी आरामात बसल्या होत्या. बहुतेक इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी अक्षरं कॅपिटल असतात. सगळी एका उंचीची, कुणाचीही शेपटी खाली लोंबत नाही, त्यामुळे ओळी जवळजवळ रचता येतात. त्या फुग्यात दोन ओळींमधलं अंतर ९ पॉइंट होतं, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर. चार ओळींचे झाले पावणेतेरा.

मराठी ओळ तीन मजली असते. मधे अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतल्या ‘तू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘की’च्या वेलांटीत अडकतो आणि वाचणाऱ्याला तिथे एक नवंच अक्षर दिसतं. त्यामुळे त्याच आकाराच्या मराठी अक्षरांना काकांच्या हिशोबाने १२ पॉइंट अंतर हवं, म्हणजे ४.२ मिलिमीटर. तीन ओळींचे पुन्हा पावणेतेरा. थोडक्यात, इंग्रजीच्या चार ओळींच्या जागेत मराठीच्या तीनच ओळी राहतात.

डिझायनरने काय केलं होतं? अक्षर लहान केलं होतं. आजूबाजूच्या फुग्यांत ९ पॉइंट, या एका फुग्यात ६. सगळं वाक्य बसलं. पण कॉमिकमध्ये अक्षराचा आकार म्हणजे आवाज. शेजारचा फुगा मोठ्या अक्षरात आणि हा लहान अक्षरात असेल, तर डोळ्यांना हा माणूस हळू बोलताना दिसतो, शब्द काहीही असोत. आईचे डोळे वटारलेले, हात कमरेवर आणि आवाज पुटपुटल्यासारखा. भाचीने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता.

‘जागा कमी पडली म्हणून अक्षर बारीक करायचं नाही,’ काका म्हणाले. ‘आकार आवाजासाठी राखून ठेवायचा. कमी करायचं तर बोलणं कमी कर.’

मी माझी ३० अक्षरं मोजली आणि कुठला शब्द काढता येईल ते बघत बसले. ‘कुणीही’ काढला. ‘असं मी’ काढलं. तरी जमेना. आपल्याकडे शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं, त्यामुळे शब्दच लांब होतात, आणि फुग्यात शब्द मधे तोडून पुढच्या ओळीत नेला की मूल अडखळतंच. शेवटी काकांनी चित्रावर बोट ठेवलं. आईच्या हातात लाडवांचा डबा होता, उघडा.

‘लाडू दिसतायत ना? मग लिहितेस कशाला?’

मग वाक्य असं झालं:

पूजेच्या आधी
हात लावायचा नाही
म्हटलं ना!

सतरा अक्षरं. पहिली ओळ लहान, मधली सर्वांत लांब, शेवटची पुन्हा लहान. लंबगोलात अशी रचना आपोआप बसते, कडेला हवा राहते. शिवाय प्रत्येक ओळ आई जिथे श्वास घेईल तिथेच तुटते. हे मला जास्त आवडलं. आकार साधायचा म्हणून ‘म्हटलं’ वर आणि ‘ना’ खाली असं तोडलं असतं तर मूल तसंच तुटक वाचतं. अक्षर परत ९ पॉइंटांवर गेलं. शेवटचं ‘म्हटलं ना!’ काकांनी ठळक करायला सांगितलं, बाकी साधं. मी आधी सगळंच ठळक करा म्हणत होते. त्यावर ते म्हणाले, ‘सगळंच ठळक केलंस तर आई कुठे रागावली ते कसं कळणार?’

पान १७ चं दुखणं वेगळं. दाराआड बसलेली मोठी बहीण धाकटीला कुजबुजत सांगते, ‘शूऽऽ! माझा हात धर.’ कुजबुज दाखवायची रूढ रीत अशी की फुग्याची कड तुटक रेघेची काढायची आणि आत अक्षर लहान ठेवून भोवती भरपूर मोकळी जागा सोडायची. मूळ इंग्रजीत तसंच होतं. त्यात आणखी एक गोष्ट केलेली होती. अक्षरं एकमेकांपासून थोडी लांब लांब ठेवली होती, जणू श्वास रोखून एकेक उच्चार केला आहे. इंग्रजीत ती शोभते, कारण इंग्रजी अक्षरं मुळातच सुटी.

डिझायनरने तेच मराठीला लावलं. अक्षरांमधलं अंतर वाढवल्याबरोबर शिरोरेषेचे तुकडे झाले. शब्द शब्द राहिला नाही, एकेक अक्षर आपापली टोपी घालून वेगळं उभं राहिलं. त्यात अक्षर ६ पॉइंटांचं, सर्वांत बारीक वजनाचं आणि करड्या रंगाचं.

आता ‘ध’ आणि ‘घ’ शेजारी शेजारी लिहून बघा. फरक कुठे आहे? ‘घ’ची शिरोरेषा अक्षरभर सरळ जाते. ‘ध’च्या डाव्या बाजूला ती थांबते आणि तिथे एक छोटी गाठ असते. बस, एवढाच. ‘भ’ आणि ‘म’चंही तसंच, वरची मोकळी जागा आणि गाठ हीच मुख्य ओळख. बारीक छपाईत सर्वांत आधी हीच जागा बुजते. त्यातून सगळ्याच अक्षरांमधली शिरोरेषा तुटलेली असेल तर कुठली फट अक्षराची आणि कुठली दोन अक्षरांमधली, हे सात वर्षांच्या मुलीने कसं ओळखायचं? मोठी माणसं संदर्भाने ओळखतात. तिने ‘हात घर’ वाचलं.

मला एक कल्पना सुचली होती, ती मी मोठ्या उत्साहाने काकांना सांगितली. कुजबुजीसाठी शिरोरेषा काढूनच टाकली तर? घाईत लिहिताना आपण नाही का देत. काकांनी काही न बोलता पेन्सिलीने बिनरेघेचा ‘ध’ आणि बिनरेघेचा ‘घ’ काढून माझ्यापुढे सरकवले. मी गप्प बसले.

मग आम्ही कुजबुज अशी केली. अक्षरांमधलं अंतर जसं असतं तसं. आकार ९ वरून साडेसात, त्याखाली नाही. वजन साधंच, पण रंग काळ्याऐवजी गडद करडा. तुटक कड ठेवली. आणि ‘माझा’ हा शब्द काढला, कारण अंधारात दोघीच आहेत, दुसऱ्या कुणाचा हात धरणार? उरलं ‘शूऽऽ! हात धर.’ फुगा मोठाच होता, त्यामुळे चारही बाजूंना पांढरी जागा राहिली. कुजबुज खरी त्या पांढऱ्या जागेमुळे वाटते, अक्षर साडेसातचं असूनही. साडेसहा आणि साडेसात दोन्ही छापून हातभर लांब धरून पाहिले. साडेसहाला ‘ध’ची गाठ दिसेनाशी झाली.

आता पान १९. हे दुखणं मला सर्वांत अनपेक्षित होतं, कारण तिथे अक्षर लहान नव्हतंच, उलट पानावरचं सर्वांत मोठं होतं. काटेरी फुगा, त्यात लाल ‘भाऊऽऽ!’. मग त्याचं ‘माऊ’ झालंच कसं?

इंग्रजीला ओरडण्यासाठी एक सोय कमी होते, कारण साधं बोलणंही कॅपिटलमध्येच असतं. त्यामुळे तिथे ठळक, तिरपं, मोठं असं करतात. आपल्याकडे कॅपिटल नाहीतच, म्हणून सगळा भार ठळकपणावर येतो. डिझायनरने फॉन्टचं सर्वांत जाड वजन घेतलं होतं. आवाज आणखी वाढावा म्हणून ते आडवं ताणलं होतं आणि वर अक्षराला काळी कड दिली होती.

काकांनी भिंग दिलं. जाड वजनात ‘भ’ची गाठ आधीच गच्च झाली होती. काळी कड देताना सॉफ्टवेअर ती अर्धी बाहेर आणि अर्धी आत देतं. आतला अर्धा भाग त्या उरल्यासुरल्या फटीत शिरला आणि फट बंद. शिवाय देवनागरीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो आणि ते तुकडे एकमेकांवर चढून सलग रेघ दिसते. प्रत्येक अक्षराला वेगळी कड दिली की त्या सांध्यांवर उभ्या काळ्या रेघा उमटतात. ‘भा’ आणि ‘ऊ’च्या मधे तशी एक रेघ होतीच, मला ती आधी दिसली नव्हती. आता कुठल्याही जाहिरातीत मला आधी तीच दिसते. काकांनी माझं बाहेर फिरणं बिघडवलं आहे.

आडवं ताणण्याचंही तसंच. ताणलं की उभे दंड जाड होतात, पण आडवी शिरोरेषा होती तेवढीच राहते. अक्षर मोठ्याने बोलत नाही, नुसतं सुजल्यासारखं दिसतं.

‘मग ओरडायचं कसं?’ मी विचारलं.

‘तुझ्याकडे अवग्रह आहे की,’ काका म्हणाले.

‘ऽ’ हे चिन्ह मराठीत हाका मारायला किती कामाचं आहे, ते मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. इंग्रजीत आवाज लांबवायचा तर तेच अक्षर पुन्हा पुन्हा लिहावं लागतं. आपण ‘ऊऊऊ’ लिहिलं तर मूल तीन वेगळे ऊ वाचतं. ‘ऊऽऽऽ’ लिहिलं की आवाज न तुटता लांबतो. आणि अवग्रहाला मात्रा नाही, उकार नाही, त्यामुळे तो हवा तेवढा मोठा करता येतो, कुणाशी टक्कर होत नाही.

त्या संध्याकाळी डिझायनरला फोन करून आम्ही तिघांनी मिळून तो एक फुगा केला. फॉन्ट तोच, वजन सर्वांत जाडच्या एक पायरी खाली. आडवं ताणणं बंद, त्याऐवजी आकार २६ वरून ३४ पॉइंट. शब्द आधी आकारात बदलून सगळे तुकडे एकत्र जोडले, मग कड फक्त बाहेरच्या बाजूने दिली. सांध्यांच्या रेघा गेल्या. ‘भ’च्या गाठीजवळची फट डिझायनरने हाताने अर्धा मिलिमीटर रुंद केली. अवग्रह तीन केले, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा आणि थोडा वर चढलेला, शेवटचा फुग्याची कड फोडून बाहेर गेलेला. उद्गारचिन्ह एकच. मी तीन देत होते, काकांनी दोन खोडली.

प्रकाशकांकडून एक शंका आली, की कडेबाहेर अक्षर गेलेलं चूक वाटेल का. काकांनी मला विचारलं, ‘इंदूरच्या राजवाड्यावर तू कुणाला हाक मारलीस तर ती तिथेच थांबते का?’ मी ते प्रकाशकांना जरा सभ्य शब्दांत कळवलं. मान्य झालं.

सगळे फुगे तसे सुधारता आले नाहीत, हेही सांगायला हवं. पान ११ वर ‘पळा!’ आहे. मूळ फुगा मोठा आणि आपला शब्द दोन अक्षरांचा, त्यामुळे तो अजूनही रिकाम्या खोलीत उभा असल्यासारखा दिसतो. चित्रातला फुगा लहान करायचा तर मागचं चित्र पुन्हा काढावं लागलं असतं आणि त्याला वेळ नव्हता. काका म्हणाले, त्यांच्या काळी हा प्रश्न यायचा नाही, कारण ते आधी अक्षरं लिहायचे आणि मग त्यांच्याभोवती फुगा काढायचे. मग लगेच म्हणाले, ‘बाहेरून आलेल्या चित्रकथांना यायचा. तिथे आम्हीही असेच अडकायचो.’ १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ माझ्या बाबांनी मराठीत वाचला आहे. त्यांना विचारलं तर अक्षरं कशी होती ते काहीच आठवत नाही. काका म्हणाले, म्हणजे नीट होती.

छापण्याच्या आदल्या संध्याकाळी मी नवी पानं ताईला पाठवली आणि पुन्हा आईच्या मागे उभी राहिले. यावेळी काही बोलायचं नाही, असं आईला बजावलं होतं.

पान ७ भाचीने हात कमरेवर ठेवून वाचलं. ‘म्हटलं ना!’ इतक्या जोरात, की ताई आतून बघायला आली. पान १७ ला तिचा आवाज आपसूक खाली गेला. ‘शूऽऽ... हात... धर.’ ‘धर’ला ती किंचित थबकली, बोट अक्षरावर ठेवलं, मग पुढे गेली. आईने श्वास रोखला होता, मीही.

पान उलटलं.

‘भा...’ आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. ‘आजी! माऊ नाहीये! भाऊ आहे! भाऊ चोर आहे!’ मग तिने तो फुगा वाचला, म्हणजे ओरडली. तीनही अवग्रह पूर्ण घेतले आणि शेवटच्याला खुर्चीवर उभी राहिली.

परवा तिने मला पत्राचा फोटो पाठवला. वहीच्या पानावर काढलेला एक फुगा, त्यात ‘मावशी’, आणि पुढे अवग्रह. नऊ मोजले मी. शेवटचे दोन पानात मावले नव्हते, ते टेबलावर काढले होते. ताईने खाली लिहिलं होतं, ‘स्केचपेन आहे. निघत नाहीये. काय शिकवलंयस तिला?’